ठिपके–चौकटींचा खेळ

ठिपके–चौकटींचा खेळ : कागद व पेन्सिल एवढ्याच साधनांनी दोघांनी खेळावयाचा एक बैठा खेळ. कागदावर समान अंतरावर ठिपक्यांच्या आडव्या-उभ्या ओळी मांडतात. खेळाडू आळीपाळीने शेजारशेजारचे दोन ठिपके आडव्या किंवा उभ्या रेघेने जोडतात. तिरपी रेघ चालत नाही. ज्याच्या रेघेने एखाद्या लहान चौकटीची चौथी बाजू पुरी होते, त्याला ती चौकट मिळते. तीत तो आपल्या नावाचे आद्याक्षर लिहितो आणि त्याच पाळीत त्याला आणखी एक रेघ ओढावी लागते. सर्व रेघा ओढून झाल्यावर ज्याच्या चौकटी अधिक, तो जिंकतो. पुरी होऊ शकणारी चौकट पुरी केलीच पाहिजे असे बंधन नसते. वरवर क्षुल्लक वाटणाऱ्या या सवलतीवरच खेळाचे सर्व डावपेच उभे आहेत.

महाराष्ट्रातील जुन्या बैठ्या खेळांशी तुलना केल्यास या खेळाचा वेगळेपणा ध्यानात येतो. नवकंकरी किंवा वाघ-बकरी यांसारख्या खेळांत पट आधीच आखलेला असतो. लेणी, मंदिरे व किल्ले यांच्या दगडी फरशांवर असे कोरलेले पट आढळतात. सोंगट्या किंवा खडे त्या आखलेल्या रेघांच्या छेदांवर फिरतात. ठिपके–चौकटींच्या खेळात मात्र रेघ ओढणे हीच चाल असते. डाव पुरा होणे म्हणजे पट पुरा आखला जाणे, आणि एकदा ओढलेली रेघ मागे घेता येत नाही. मांडणी ठिपक्यांच्या रांगोळीसारखी दिसते. परंतु रांगोळीत रेघांचा क्रम महत्त्वाचा नसतो, येथे तो सर्वस्वी महत्त्वाचा असतो. शाळेतील चौकटीच्या वहीवर हा खेळ ठिपके न मांडताही खेळता येतो.

इतिहास : या खेळाचे पहिले मुद्रित वर्णन फ्रेंच गणितज्ञ एद्वार ल्यूका (१८४२–९१) याने केले. ल्यूका हा संख्या सिद्धांतातील संशोधनासाठी, तसेच १८८३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘हॅनॉयचा मनोरा’ या कोड्यासाठी ओळखला जातो. १८८९ मध्ये त्याने ‘ला पिपोपिपेत’ या नावाने हा खेळ प्रसिद्ध केला आणि त्याचे श्रेय पॅरिस येथील एकोल पॉलिटेक्निक या संस्थेच्या विद्यार्थ्यांना दिले. त्या संस्थेच्या विद्यार्थ्याला बोलीभाषेत ‘पिपो’ म्हणत, त्यावरून खेळाचे हे गमतीदार नाव पडले. ल्यूकाच्या मृत्यूनंतर १८९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या मनोरंजक अंकगणितावरील ग्रंथातही या खेळाला स्थान मिळाले.

पुढील काळात हा खेळ जगभर शाळकरी मुलांचा म्हणून पसरला, परंतु त्याकडे पाहण्याची दृष्टी फारशी बदलली नाही. मिळेल ती चौकट घ्यावी आणि प्रतिपक्षाला चौकट मिळेल अशी रेघ शक्य तितकी लांबवावी, एवढेच त्याचे शहाणपण समजले जाई. १९६६ मध्ये जे. सी. हॉलडे याचे या खेळावरील एक टिपण अमेरिकेतील गणितविषयक नियतकालिकात प्रसिद्ध झाले. खेळाचा पाया मात्र एल्विन बर्लेकॅम्प (१९४०–२०१९) या अमेरिकन गणितज्ञाने घातला. बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात तो प्राध्यापक होता. त्याने जॉन कॉनवे व रिचर्ड गाय यांच्यासह लिहिलेल्या आणि १९८२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘विनिंग वेज’ या ग्रंथात या खेळाला एक स्वतंत्र प्रकरण दिले आहे. २००० मध्ये त्याने केवळ याच खेळावर एक छोटे पुस्तक लिहिले. ल्यूकाच्या पुस्तिकेपासून सुमारे नव्वद वर्षांनी सर्वांसमोर आलेली ही उपपत्ती थोडक्यात अशी : डाव कोणी किती चौकटी लवकर घेतल्या यावर ठरत नाही, पहिली दीर्घ साखळी उघडण्याची पाळी कोणावर येते यावर ठरतो, आणि ती पाळी कोणावर येणार हे आधी मोजता येते.

साखळी व ताबा : डावाच्या पूर्वार्धात दोघेही सुरक्षित रेघा ओढतात, म्हणजे कोणत्याही चौकटीची तिसरी बाजू पुरी होऊ देत नाहीत. काही वेळाने अशी स्थिती येते, की जवळजवळ प्रत्येक चौकटीच्या दोन बाजू ओढलेल्या व दोन मोकळ्या असतात. मोकळ्या बाजूंनी एकमेकींना जोडलेल्या अशा चौकटींच्या ओळीला साखळी म्हणतात. साखळी सरळ असो वा वळणे घेणारी असो, तिच्यातील एक रेघ ओढली की प्रतिपक्षाला तिच्यातील चौकटी एकामागून एक घेता येतात. यालाच साखळी उघडणे म्हणतात. ज्या साखळीत तीन किंवा अधिक चौकटी असतात, ती दीर्घ साखळी होय.

तीन या संख्येचे कारण पुढीलप्रमाणे आहे. दीर्घ साखळी कोणत्याही रेघेने उघडली, तरी ती घेणाऱ्याला अखेरच्या दोन चौकटी सोडून देता येतात. तो त्या दोन चौकटींमधील रेघ ओढत नाही. त्यांपैकी बाहेरच्या चौकटीची टोकाकडील रेघ ओढतो. मग दोन्ही चौकटींना मधली एकच रेघ कमी असते. प्रतिपक्ष ती ओढून एका रेघेत दोन चौकटी मिळवतो. अशा रेघेस येथे जोडरेघ म्हटले आहे. चौकटी मिळाल्यामुळे त्याला पुन्हा रेघ ओढावीच लागते आणि सुरक्षित रेघा संपलेल्या असल्याने पुढील साखळी त्यालाच उघडावी लागते. म्हणजे दोन चौकटी देऊन पाळी परतवली जाते. ज्याला असे करता येते, त्याच्या हाती डावाचा ताबा आहे असे म्हणतात.

दोन चौकटींच्या साखळीत उघडणाऱ्याला ही सोय हिरावून घेता येते. त्याने टोकाची रेघ न ओढता मधली रेघ ओढली, तर दोन्ही चौकटी स्वतंत्र होतात, त्यांची जोड उरत नाही. घेणाऱ्याला त्या दोन वेगळ्या रेघांनी घेऊन पुढची चाल करावीच लागते. म्हणून एक किंवा दोन चौकटींच्या साखळ्या ताब्याच्या हिशेबात धरत नाहीत. मात्र दोनची साखळी अनवधानाने टोकाकडून उघडली, तर तीच दीर्घ साखळीसारखी वापरली जाते व हिशेब उलटतो. नवशिक्याच्या हातून होणारी ही सर्वांत सामान्य चूक होय.

एक उदाहरण : सोळा ठिपक्यांचा, म्हणजे नऊ चौकटींचा पट घेऊ. चौकटींना वरच्या ओळीत १, २, ३. मधल्या ओळीत ४, ५, ६ आणि खालच्या ओळीत ७, ८, ९ असे क्रमांक देऊ. पटावर एकूण चोवीस रेघा बसतात. त्यांपैकी तेरा ओढल्या गेल्या आहेत आणि अद्याप कोणालाही चौकट मिळालेली नाही असे समजू. बाहेरच्या बाजूंपैकी १, २, ३ यांच्या वरच्या, ४ व ७ यांच्या डाव्या, ७ व ९ यांच्या खालच्या आणि ६ ची उजवी अशा आठ रेघा ओढलेल्या आहेत. आतील रेघांपैकी १–२, ४–५, ८–९, ३–६ व ५–८ या चौकटींमधील पाच रेघा ओढलेल्या आहेत. वाचकाने ही आकृती कागदावर काढल्यास पुढील विवेचन सुलभ होईल.

या पटावर दोन साखळ्या दिसतात. एक चार चौकटींची आहे : १, ४, ७, ८. तिची टोके १ ची डावी बाजू व ८ ची खालची बाजू ही होत. दुसरी पाच चौकटींची आहे : ३, २, ५, ६, ९. तिची टोके ३ व ९ यांच्या उजव्या बाजू होत. तेरावी रेघ पहिल्या खेळाडूने ओढली असल्याने आता पाळी दुसऱ्याची आहे. सुरक्षित रेघ एकही उरलेली नाही, म्हणून त्याला एक साखळी उघडावीच लागेल. साहजिकच तो लहान साखळी उघडतो आणि १ ची डावी रेघ ओढतो.

सामान्य खेळाडू येथे चारही चौकटी घेतो आणि त्याला मोठा लाभ झाल्यासारखे वाटते. परंतु चौथी चौकट घेतल्यावर त्यालाच रेघ ओढावी लागते व पटावर पाचांची साखळी तेवढी उरलेली असते. ती तो उघडतो आणि प्रतिपक्ष पाचही चौकटी घेऊन ५–४ असा जिंकतो.

जाणता खेळाडू १ व ४ यांमधील रेघ ओढून चौकट १ घेतो, ४ व ७ यांमधील रेघ ओढून चौकट ४ घेतो आणि तेथे थांबतो. त्याची पुढील रेघ ८ च्या खालची असते. तिने कोणतीच चौकट पुरी होत नाही व पाळी संपते. आता ७ व ८ या दोन्ही चौकटींना त्यांच्यामधील एकच रेघ कमी आहे. दुसरा खेळाडू ती ओढून दोन चौकटी घेतो, पण त्यानंतर त्याला पाचांची साखळी उघडण्यावाचून गत्यंतर नसते. पहिला खेळाडू त्या पाचही घेतो. निकाल ७–२ असा लागतो. त्याच स्थितीत, त्याच पाळीवर, हाताशी आलेल्या दोन चौकटी सोडल्यामुळे पराभवाचा विजय झाला.

दीर्घ साखळ्यांची मोजणी : वरील स्थितीत साखळी उघडण्याची पाळी दुसऱ्या खेळाडूवर आली हा योगायोग नव्हे. खेळात एकूण पाळ्या किती होतात याचा एक साधा नियम आहे : पाळ्यांची संख्या ही ठिपक्यांची संख्या व जोडरेघांची संख्या यांच्या बेरजेइतकी असते.

हा नियम पडताळणे अवघड नाही. कोणत्याही आयताकृती पटावर एकूण रेघा या ठिपके व चौकटी यांच्या बेरजेपेक्षा एकाने कमी असतात. नऊ चौकटींच्या पटावर १६ आणि ९ यांची बेरीज २५, म्हणून रेघा २४. ज्या रेघेने चौकट मिळत नाही, त्या रेघेने पाळी संपते. ज्या रेघेने मिळते, तिने पाळी चालू राहते. अपवाद फक्त डावाच्या शेवटच्या रेघेचा. तिने चौकट मिळूनही पाळी संपते. म्हणून चौकट मिळवून देणाऱ्या रेघा एकूण रेघांतून वजा करून एक मिळवला की पाळ्यांची संख्या येते. प्रत्येक चौकटीसाठी एक स्वतंत्र रेघ लागली असती, तर पाळ्या नेमक्या ठिपक्यांइतक्या झाल्या असत्या. परंतु जोडरेघेत दोन चौकटींना मिळून एकच रेघ लागते, म्हणून प्रत्येक जोडरेघेमागे एक पाळी वाढते. वरील उदाहरणात जोडरेघ एक होती, म्हणून पाळ्या १७ झाल्या. सतरा ही विषम संख्या असल्याने शेवटची पाळी पहिल्या खेळाडूची, आणि शेवटची साखळी पूर्णपणे त्याचीच.

आता ताबा राखणारा खेळाडू शेवटची सोडून प्रत्येक दीर्घ साखळीत एक जोडरेघ देतो. म्हणजे जोडरेघा दीर्घ साखळ्यांपेक्षा एकाने कमी असतात. यावरून दीर्घ साखळ्यांचा नियम निघतो : ठिपके व दीर्घ साखळ्या यांची बेरीज सम असेल, तर ताबा पहिल्या खेळाडूकडे जातो, विषम असेल, तर दुसऱ्याकडे. सोळा किंवा छत्तीस ठिपक्यांच्या पटावर पहिल्याने दीर्घ साखळ्या सम व्हाव्यात म्हणून झटावे, दुसऱ्याने विषम. पंचवीस ठिपक्यांच्या पटावर याच्या उलट. वरील पटावर १६ ठिपके व २ दीर्घ साखळ्या, बेरीज १८, म्हणून ताबा पहिल्याकडे होता.

साखळीची दोन्ही टोके एकमेकांस मिळून वलय तयार झाले, तर ते मोजणीत धरत नाहीत. वलयात ताबा राखण्यासाठी दोनऐवजी चार चौकटी सोडाव्या लागतात. त्या दोन जोडरेघांनी घेतल्या जातात. पाळ्या दोनाने वाढल्यामुळे समविषमता तशीच राहते.

मोजणी बदलण्यासाठी केलेला त्याग : नियम माहीत असलेल्या दोन खेळाडूंमधील खरा झगडा साखळ्या उघडण्याच्या वेळी होत नाही, तर त्या तयार होत असताना होतो. ज्याला मोजणी प्रतिकूल आहे, तो एखादी साखळी तोडून अथवा दोन साखळ्या जोडून त्यांची संख्या एकाने बदलू पाहतो, आणि त्यासाठी प्रसंगी चौकटींचा त्याग करतो. हे समजण्यासाठी वरील उदाहरणात दोन रेघा मागे जाऊ. चौकट १ ची वरची रेघ व ५–८ यांमधील रेघ या अद्याप ओढलेल्या नाहीत. पटावर अकरा रेघा आहेत व पाळी दुसऱ्या खेळाडूची आहे.

या दोन्ही रेघा सुरक्षित आहेत. दुसऱ्याने त्यांपैकी एक ओढली, तर पहिला दुसरी ओढतो आणि वर वर्णिलेली स्थिती येऊन दुसरा ७–२ असा हरतो. परंतु मोजणी जाणणाऱ्या दुसऱ्या खेळाडूला दिसते, की दीर्घ साखळ्या दोन होऊ घातल्या आहेत आणि त्याला विषम संख्या हवी आहे. म्हणून तो सुरक्षित रेघा असतानाही ४ व ७ यांमधील रेघ ओढतो. त्यामुळे या दोन्ही चौकटी प्रतिपक्षाच्या हाती जातात. पहिला खेळाडू १–४ मधील रेघेने चौकट ४ आणि ७–८ मधील रेघेने चौकट ७ घेतो. पण चारांची साखळी त्यामुळे नाहीशी झालेली असते. चौकट १ एकटी उरते. चौकट ८ ही ५ ला लागून एक आखूड फाटा बनते.

आता पाळी पहिल्या खेळाडूचीच आहे आणि सुरक्षित रेघ एकही नाही. तो चौकट १ देतो. दुसरा ती घेतो व ५–८ मधील रेघ ओढून चौकट ८ देतो. पहिला ८ घेतो आणि त्याला पाचांची साखळी उघडावी लागते. दुसरा पाचही चौकटी घेतो. पहिल्याच्या ३, दुसऱ्याच्या ६. पहिल्याने मधला क्रम बदलून पाहिला, तरी हा निकाल बदलत नाही. उदाहरणार्थ, त्याने ५ च्या वरची किंवा उजवीकडची रेघ ओढून दोन चौकटी दिल्या, तर चारांची साखळी शिल्लक राहते आणि पुन्हा ६–३ हाच निकाल लागतो. एकच दीर्घ साखळी उरली, बेरीज १७ झाली आणि ताबा दुसऱ्याकडे गेला. दोन चौकटींच्या त्यागाने २–७ असा होणारा पराभव ६–३ अशा विजयात बदलला.

हा त्याग कोणत्या रेघेने करावा यालाही महत्त्व आहे. दुसऱ्याने ४–७ ऐवजी ७–८ मधील रेघ ओढली, तर ४ व ७ या चौकटी जोडीने दिल्या जातात. मग पहिला खेळाडू त्या न घेता १–४ मधील रेघ ओढतो. दुसऱ्याला जोडरेघेने त्या दोन चौकटी मिळतात, पण पाळीही त्याच्यावरच येते. उरलेल्या पटावर ज्याची पाळी त्याचे नुकसान, हे वर दिसलेच आहे. अखेर पहिला ६–३ असा जिंकतो. त्याग तोच, चौकटी त्याच. केवळ रेघ एका घराने सरकल्यामुळे निकाल उलटला.

ताबा केव्हा सोडावा : ताबा राखण्याची किंमत दर साखळीमागे दोन चौकटी इतकी असते. म्हणून तो राखणे नेहमीच हिताचे असते असे नाही. यासाठी एक नेमका निकष सांगता येतो. चालू साखळी वगळून उरलेल्या पटाचा विचार करावा. त्या पटावर ताबा असलेल्या खेळाडूला प्रतिपक्षापेक्षा किती चौकटी अधिक मिळतील हे मोजावे. हे आधिक्य दोनपेक्षा जास्त असेल, तर दोन चौकटी सोडून ताबा राखावा. दोनपेक्षा कमी असेल, तर चालू साखळी सबंध घेऊन ताबा सोडावा. बरोबर दोन असेल, तर दोन्ही मार्ग सारखेच. चालू साखळी वलयाची असल्यास दोनच्या जागी चार धरावे.

पहिल्या उदाहरणात उरलेली साखळी पाचांची होती, म्हणजे आधिक्य पाच. म्हणून ताबा राखणे योग्य ठरले. याउलट एखाद्या पटावर तीन-तीन चौकटींच्या चार साखळ्या उरल्या आहेत आणि प्रतिपक्षाने त्यांपैकी एक उघडली आहे असे समजू. शेवटच्या एकाच साखळीचे आधिक्य तीन. दोन साखळ्या असता ताबा राखणाऱ्याला एक चौकट मिळते, दोन जातात आणि नंतर तीन मिळतात, आधिक्य दोन. तीन साखळ्या असता ते एकवर येते. हे एक दोनपेक्षा कमी असल्याने चौथी, म्हणजे आता उघडलेली, साखळी सबंध घ्यावी. त्याने तीन घेऊन पुढील साखळी स्वतः उघडली, तर अखेर त्याला ७ व प्रतिपक्षाला ५ चौकटी मिळतात. नियम पोपटपंचीने पाळून त्याने प्रत्येक साखळीत दोन सोडल्या असत्या, तर ६–६ अशी बरोबरी झाली असती. यावरून दिसते, की दीर्घ साखळ्यांचा नियम ताबा कोणाकडे जाईल एवढेच सांगतो. त्या ताब्याची किंमत साखळ्यांच्या लांबीवर अवलंबून असते. लांब साखळ्यांच्या पटावर ताबा बहुमोल असतो. तीन-तीनच्या अनेक साखळ्या किंवा चार-चारची वलये असलेल्या पटावर तो ओझे ठरू शकतो. म्हणूनच ताबा गमावत असलेला कुशल खेळाडू साखळ्या शक्य तितक्या आखूड व वलये शक्य तितकी अधिक होतील असे पाहतो.

गणितातील स्थान : ज्या खेळात शेवटची चाल करणारा जिंकतो, अशा खेळांची उपपत्ती निम या काड्यांच्या खेळापासून सुरू झाली. चार्ल्स बूटन याने १९०१ मध्ये निमची संपूर्ण उकल दिली. पुढे रोलांड स्प्राग (१९३५) व पॅट्रिक ग्रंडी (१९३९) यांनी स्वतंत्रपणे दाखविले, की अशा प्रकारच्या कोणत्याही निःपक्षपाती खेळातील स्थितीस निममधील एका ढिगाचे मूल्य देता येते. ठिपके–चौकटींचा खेळ चौकटींच्या संख्येवर जिंकला जात असल्याने तो या उपपत्तीत सरळ बसत नाही. बर्लेकॅम्पने चौकटींची मोजदाद बाजूस ठेवून ‘ज्याला चाल उरत नाही तो हरला’ असा त्याचा एक जोडखेळ कल्पिला. ताब्यासाठी होणारा झगडा म्हणजे हा जोडखेळच होय, आणि त्याला निमची मूल्ये लागू पडतात. पटाचे वेगवेगळे भाग अलग झाल्यावर प्रत्येक भागाचे मूल्य काढून ती एकत्र करता येतात. दीर्घ साखळ्यांची मोजणी ही या हिशेबाची सोपी व व्यवहारात पुरेशी पडणारी बाजू होय.

या साधनांनीही खेळ सर्वस्वी सुटलेला नाही. पंचवीस ठिपक्यांच्या, म्हणजे सोळा चौकटींच्या पटावर दोघेही अचूक खेळल्यास डाव बरोबरीत सुटतो, हे संगणकाच्या साहाय्याने सिद्ध झाले आहे. २०१२ मध्ये जोसेफ बार्कर व रिचर्ड कॉर्फ यांनी वीस चौकटींच्या (४ × ५) पटाचा निकालही बरोबरीच असल्याचे दाखविले. या पटावर केवळ ४९ रेघा असूनही त्यासाठी शोधपद्धतीत अनेक काटछाटी कराव्या लागल्या. पट मोठा होऊ लागला की अचूक निकाल काढण्याचे कष्ट अतिशय वेगाने वाढतात. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार हा प्रश्न संगणनशास्त्रातील अत्यंत अवघड समजल्या जाणाऱ्या प्रश्नांच्या वर्गात मोडतो. त्यामुळे पूर्वार्धातील रेघांविषयी निश्चित असे थोडेच सांगता येते. पटाचे भाग अलग दिसू लागले, की मात्र ठिपके व दीर्घ साखळ्या यांची बेरीज सम की विषम हे पाहूनच खेळाडूला पुढील चाल ठरवावी लागते. आपल्याला प्रतिकूल असलेली मोजणी सुरक्षित रेघा संपण्यापूर्वीच बदलता येते; त्या संपल्यावर ती बहुधा बदलता येत नाही.